हनुवटीवरचे राठ केस: उगम कुठला?

समजा, 28 वर्षांच्या तरुणीच्या हनुवटीवर पाच-सहा महिन्यांतच राठ केस आले, आवाजही घोगरा झाला. टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे 240 नॅनोग्रॅम निघालं. बायकांत ते साधारण 70च्या आत असतं. पण ते अंडाशयातूनही येतं आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतूनही. डीएचईए सल्फेट मात्र जवळजवळ सगळं अधिवृक्कातच तयार होतं. तिचं ते नॉर्मल आलं, म्हणून संशय आधी अंडाशयातल्या गाठीवर जातो आणि तिथली सोनोग्राफी होते. तेच 700 मायक्रोग्रॅमच्या वर असतं, तर अधिवृक्काचा सीटी स्कॅन आधी करावा लागला असता. तरी अधिवृक्काच्या क्वचित काही गाठी नुसतं टेस्टोस्टेरॉनच बनवतात. म्हणून अंडाशयात काही सापडलं नाही, तर नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नये. अधिवृक्कही तपासायलाच हवं.