ठाण मांडून बसलेला कागदवाला

ऑफिसातल्या कुणीतरी दुकानदाराला ईमेल धाडलेलं असतं: ऑफिस stationary संपत आली आहे, दर कळवा. दुकानदार समजूतदार असतो. तो कागदाची रिमं, फाइली आणि बॉलपेनं यांचे भाव पाठवून देतो. पण लिहिलेल्या शब्दाचा नीट अर्थ लावला तर ऑफिस जागच्या जागी उभं आहे, एवढंच त्यातून निघतं. कागद-पेनं हवी असतील तर stationery लिहायला हवं. शेवटून तिसरं अक्षर ‘ई’. तिथे ‘ए’ आला की शब्दाचा अर्थ होतो स्थिर, न हलणारा.

एका अक्षराने एवढा फरक पडतो म्हटल्यावर हे दोन शब्द एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले असणार, असं वाटतं. गंमत अशी, की ते सख्खे भाऊ आहेत.

मध्ययुगीन युरोपात बहुतेक किरकोळ माल फेरीवाले विकत. आज या गावात, उद्या पुढच्या जत्रेत. पुस्तकं विकणाऱ्याला मात्र असं हिंडणं परवडेना, कारण त्याचं गिऱ्हाईक एकाच ठिकाणी होतं: विद्यापीठात. बोलोन्या आणि पॅरिसच्या विद्यापीठांशेजारी या लोकांनी कायमची दुकानं थाटली. लॅटिनमध्ये त्यांना ‘स्टॅशनारियुस’ म्हणू लागले, म्हणजे ठाण मांडून बसलेला. त्यांचा धंदाही पाहण्यासारखा होता. छपाई अजून आलेली नव्हती, म्हणून दुकानदार ग्रंथाची एक तपासून घेतलेली प्रत बाळगायचा, पण ती बांधायचा नाही. तिचे सुटे भाग करून एकेक भाग भाड्याने द्यायचा. विद्यार्थी तो घरी नेऊन उतरवून काढायचा, परत आणायचा, पुढचा घेऊन जायचा. एक ग्रंथ सुट्या भागांत असल्यामुळे एकाच वेळी अनेकांना उतरवता यायचा. एकाकडे पहिला भाग, दुसऱ्याकडे पाचवा. झेरॉक्सच्या दुकानाबाहेरची परीक्षेच्या आदल्या दिवशीची गर्दी तेराव्या शतकातही होती, फक्त यंत्राच्या जागी लेखणी होती.

लंडनमध्ये या मंडळींचा संघ 1403 साली उभा राहिला आणि 1557 मध्ये त्याला राजसनद मिळाली. त्याच्या नोंदवहीत पुस्तकाचं नाव चढवलं की ते छापण्याचा हक्क तुमचा. पुढे पुस्तकविक्रीचा धंदा वेगळा झाला आणि ‘स्टेशनर’ या नावाखाली कागद, शाई, लेखण्या एवढंच उरलं. आता ‘ई’ कुठून आला ते आपोआप दिसतं. ग्रोसर जे विकतो ती ग्रोसरी, तसं स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी. माणसाच्या नावाच्या शेवटी ‘ई-आर’ आहे, तो मालाच्या नावात तसाच राहिला. स्थिर या अर्थाचं विशेषण मात्र लॅटिनमधला ‘ए’ सांभाळून सरळ इंग्रजीत आलं.

मुळात दोन्ही शब्द उभं राहणे या लॅटिन धातूचे. आपला संस्कृत ‘स्था’ आणि तो धातू एकाच आदिम मुळापासून फुटलेले आहेत. त्यातूनच आपले स्थिर, स्थावर आले, स्थान आलं, आणि स्थानाचं झिजून ठाण झालं. तेव्हा ‘ठाण मांडून बसलेला’ हे त्या दुकानदाराचं वर्णन म्हणजे त्याचं नावच. चर्नी रोडला शासनाचं मुद्रण आणि लेखनसामग्रीचं संचालनालय आहे. त्याच्या इंग्रजी पाटीवर स्टेशनरी ‘ई’ची आहे. स्टेशनच्या फलाटावर थांबलेली लोकल मात्र ‘ए’ची.

कान इथे मदत करत नाही, हे खरं दुखणं. इंग्रजीत ज्या स्वरावर जोर नसतो तो बोलताना गिळला जातो, मग तो ए असो की ई. देवनागरीत तर दोन्ही सरळ ‘स्टेशनरी’. भेद उरला तो फक्त कागदावर.

दुसरी जोडी पैशाच्या व्यवहारातली, म्हणून जास्त तापदायक: principal आणि principle. यांचंही कूळ एकच. लॅटिनमध्ये ‘प्रिन्सेप्स’ म्हणजे पहिलं स्थान घेणारा, प्रमुख. राजपुत्राचा प्रिन्सही तिथलाच. त्याच घराण्यातून एक विशेषण निघालं, मुख्य या अर्थाचं, त्याच्या शेवटी ‘ए-एल’. आणि एक नाम निघालं, आरंभ किंवा मूळ या अर्थाचं. हे नाम फ्रेंचमधून इंग्रजीत आलं तेव्हा त्यात ‘एल’ नव्हताच. इंग्रजांनी दुसऱ्या शब्दांच्या धर्तीवर तो मागाहून जोडला. तो जोडला नसता तर हा घोटाळा निम्म्याने कमी झाला असता, असं मला वाटतं.

कर्जाचं उदाहरण घेऊ. दहा लाखांचं कर्ज, वर्षाला 12 टक्के व्याज, मुदत पाच वर्षं. मासिक हप्ता येतो सुमारे 22,244 रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज दहा लाखांवर एक टक्का, म्हणजे 10,000. उरलेले 12,244 मुद्दलात वळते होतात. हे मुद्दल म्हणजे ‘ए-एल’वालं, कारण ती मुख्य रक्कम आहे आणि व्याज तिच्या पोटी येतं. आधी ‘मुख्य रक्कम’ असं विशेषण होतं, मग रक्कम हा शब्द गळाला आणि विशेषणच नाम होऊन बसलं. शाळेच्या मुख्याध्यापकांचंही तेच झालं.

पण याच कर्जासाठी बँक आधी ‘तत्त्वतः मंजुरी’ देते. तिथे तत्त्व आहे, म्हणून ‘एल-ई’: in-principle. आपल्याकडची ईमेलं नेमकी इथे उलटी होतात. मंजुरीला ‘ए-एल’ लागतो आणि पुढच्याच ओळीत मुद्दलाला ‘एल-ई’. एचआरवाल्यांना तिसरी अडचण असते. कंत्राटी कामगारांच्या कायद्यात ‘मुख्य नियोक्ता’ असतो, म्हणजे ज्या आस्थापनेत ठेकेदाराची माणसं काम करतात तिथला जबाबदार मालक. तो ‘ए-एल’चा. त्याला ‘एल-ई’ लावला की तो तत्त्वाचा मालक होऊन बसतो.

ओळखायची युक्ती अशी. माणूस किंवा रक्कम असेल तर ‘ए-एल’. पुढच्या शब्दाला ‘मुख्य’ असं लावता येत असेल तरी ‘ए-एल’. नियम, तत्त्व, विचार असेल तर ‘एल-ई’. युक्तीला एक खोच आहे: तत्त्वाधिष्ठित नियमन म्हणताना principle-based लिहितात, तिथे हा शब्द दुसऱ्याच्या आधी येऊनही ‘एल-ई’च राहतो, कारण अर्थ ‘मुख्य’ असा नाही.

साधा स्पेलचेकर अशा वेळी गप्प बसतो. तो प्रत्येक शब्द यादीत आहे की नाही एवढंच पाहतो, आणि चारही शब्द यादीत आहेत. शेजारचे शब्द पाहणारी नवी साधनं मुद्दलातली चूक बऱ्याचदा पकडतात, कारण पुढे ‘रक्कम’ हा ठरलेला शेजारी असतो. पण ईमेलच्या विषयात नुसतं Stationary एवढंच असेल, तर शेजार कुणाचा बघणार? स्थिर जनरेटरबद्दल लिहिलंय की कागदांबद्दल, हे फक्त पाठवणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे विषयाची ओळ दुकानदाराच्या नावाने तपासावी: आपण स्टेशनरकडे मागतोय का? तसं असेल तर ‘ई’.