सशाच्या कानातली खपली

सशाच्या कानात साठणारी जाड, तपकिरी खपली म्हणजे बहुतेक वेळा लूत असते. ती सोरॉप्टिस नावाच्या माइटमुळे होते. हा आठ पायांचा किडा जेमतेम पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो. काळ्या कागदावर खपलीचा चुरा टाकला, तर पांढरे ठिपके सरकताना दिसू शकतात. तो कातडीत बीळ करत नाही, वरच राहून ती टोचतो. टोचलेल्या जागी पाझरणारा द्रव, गळालेली कातडी आणि किड्यांची विष्ठा एकावर एक सुकत जाते आणि कानात पापुद्र्यांचा थर तयार होतो. सुरुवातीला ससा नुसता डोके झटकतो, मागच्या पायाने कान खाजवतो. पुढे कान जड होऊन खाली लोंबतो.

खपली दिसली की ती चिमट्याने किंवा कापसाने काढावीशी वाटते. तेच टाळायला हवे. तिच्याखालची कातडी सोललेली असते. ओढल्यास रक्त येते आणि सशाला असह्य वेदना होतात. किडे मेले, की खपली साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप सुटते.

पशुवैद्य खपलीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान पक्के करतात. त्यानंतर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कातडीखाली देतात किंवा सेलामेक्टिनचे थेंब मानेमागे टाकतात. आयव्हरमेक्टिनच्या मात्रेत चूक किती सहज होते, ते हिशेबातून कळते. किलोला 0.4 मिलिग्रॅम धरले, तर दोन किलोच्या सशाला 0.8 मिलिग्रॅम लागते. एक टक्क्याच्या औषधात मिलिलिटरमागे 10 मिलिग्रॅम असतात, म्हणजे द्यायचे फक्त 0.08 मिलिलिटर. गाईगुरांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजाने 0.8 मिलिलिटर भरले, तर मात्रा दहापट होते. म्हणून हे इंजेक्शन घरी देऊ नये. औषधाने अंडी मरत नाहीत, त्यामुळे दहा ते चौदा दिवसांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते. कान स्वच्छ दिसला म्हणून दुसरी मात्रा चुकवली, तर लूत परतते.

कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिल सशाला कधीही लावू नये. त्याने झटके येऊन ससा मरू शकतो. एकत्र राहणाऱ्या सगळ्या सशांवर एकाच वेळी उपचार करावेत. पिंजऱ्यातले गवत फेकून द्यावे, पिंजरा धुवावा, कारण किडा अंगाबाहेरही तीन आठवड्यांपर्यंत जगू शकतो.

गिनीपिगला बहुधा वेगळाच माइट होतो, ट्रिक्साकॅरस. तो मात्र कातडीत शिरतो आणि पाठीवर, मांड्यांवर केस गळून खपल्या धरतात. खाज इतकी तीव्र असते, की हात लावताच काही गिनीपिगना झटके येतात. अशा वेळी त्याला न हाताळता मऊ कापड घातलेल्या खोक्यात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

ससा मान एका बाजूला वाकवू लागला, तर संसर्ग आतल्या कानापर्यंत गेल्याची शक्यता असते. बारा तास काही खाल्ले नसेल, तर त्याचे आतडे थंडावू लागते. या दोन्ही वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.