नोकरीची लिखापढी (भाग 6) : सेल्फ अप्रेझलमधले तास आणि वाया गेलेला लॉट

मार्च संपत आला की रांजणगाव एमआयडीसीतल्या अनेक कंपन्यांत सेल्फ अप्रेझलचा फॉर्म उघडतो. निमोणे आणि आसपासच्या गावांतून रोज तिथे शिफ्टला जाणारी मुलं त्यात बहुतेक एकच वाक्य भरतात : ‘मोल्ड चेंजचा वेळ कमी केला, टीमला सहकार्य केले.’ काम खरं असतं, पण साहेबाला यातून काहीच हाती लागत नाही. रेटिंग ठरवायच्या बैठकीत तुम्ही नसता. तिथे इतर विभागप्रमुखांसमोर तुमची बाजू त्यालाच मांडायची असते, आणि ती तो तुमच्याच फॉर्ममधून वाचून दाखवतो.

एक नमुना घेऊ. समजा, निमोण्याचा एक मुलगा प्लास्टिक मोल्डिंग शॉपमध्ये शिफ्ट इंजिनिअर आहे. त्याच्या शिफ्टमध्ये महिन्याला सरासरी 20 वेळा मोल्ड बदलतात. वर्षाच्या सुरुवातीला एका बदलाला 95 मिनिटं लागत होती, मार्चमध्ये 62 लागतात. तो फॉर्ममध्ये लिहितो, ‘33 मिनिटांची बचत, वर्षाला 132 तास.’

हा आकडा बैठकीत टिकणार नाही. सुधारणा सुरू झाली ऑक्टोबरमध्ये. त्याआधीच्या सहा महिन्यांत काहीच वाचलेलं नव्हतं, तरी गुणाकार बारा महिन्यांचा केला. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर सरासरी 74 मिनिटं होती. जानेवारीत कंपनीने पाण्याच्या नळ्यांना झटकन बसणारी कपलिंग घेतली, तेव्हा ती 62 वर आली. म्हणजे आधीच्या तीन महिन्यांत बदलामागे 21 मिनिटं वाचली आणि नंतरच्या तीन महिन्यांत 33. प्रत्येक तिमाहीत 60 बदल धरले तर पहिल्या तिमाहीचे 21 तास, दुसऱ्या तिमाहीचे 33, एकूण 54. त्यातली 21 मिनिटं त्याची : पुढचा मोल्ड, क्लॅम्प, बोल्ट मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवायची पद्धत त्याने बसवली. त्याचे सहा महिन्यांचे 42 तास होतात, उरलेले 12 कपलिंगचे.

132 चे 42 झाले म्हणून हळहळू नका. 42 च्या मागे शिफ्टचं रजिस्टर उभं आहे; कुणीही तारखा लावून तपासावं. फक्त वेळ कुठून कुठपर्यंत मोजला ते लिहा. जुन्या मोल्डच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या मोल्डच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत, हेच खरं मोजमाप. बोल्ट आवळला की घड्याळ थांबवणारे पुढची सेटिंगची मिनिटं लपवतात, आणि प्रॉडक्शनवाल्याला ते लगेच कळतं. तासांचे रुपये मात्र करू नका. त्या वाचलेल्या वेळात मशीनला ऑर्डर होती का, यावर ते अवलंबून असतं. अकाउंट्सने दर दिला तरच रक्कम लिहा.

आता ‘शिकण्याचे मुद्दे’ हा रकाना. इथे ‘वेळेचं नियोजन सुधारायचं आहे’ असं लिहिलं तर ते कुणालाही लागू पडतं, म्हणून निरुपयोगी. आपल्या नमुन्यातल्या मुलाचा नोव्हेंबरमध्ये एबीएसचा 600 पीसचा लॉट रिजेक्ट झाला, कारण पीसवर चंदेरी रेघा आल्या होत्या. मोल्ड लवकर बदलून झाला, पण दाणा सुकायचा राहिला होता. एबीएसला साधारण 80 अंशांवर दोन ते चार तास सुकवावं लागतं. ओल राहिली तर तिची वाफ होते आणि पीसवर रेघा उमटतात. घाईचं मूळ त्याच्याच सुधारणेत होतं. त्याने लिहावं ते असं :

‘नोव्हेंबरमध्ये मोल्ड चेंज लवकर झाला, पण हॉपर ड्रायर उशिरा सुरू केल्याने 600 पीस रिजेक्ट झाले. ड्रायर सुरू करण्याची वेळ मी मोल्ड चेंजच्या चेकलिस्टमध्ये पहिल्या ओळीत घातली. डिसेंबर ते मार्च या कारणाने रिजेक्शन नाही.’

चूक, कारण, बदल आणि बदलानंतरचा पुरावा, एवढं तीन वाक्यांत बसतं. रिजेक्शन क्वालिटीच्या नोंदीत आहेच. ते दुसऱ्याने बैठकीत काढण्याआधी तुमच्या फॉर्ममध्ये कारणासकट असलेलं बरं. दुरुस्ती अजून झाली नसेल तर तसंच लिहा आणि कधीपर्यंत होईल ती तारीख द्या. न झालेलं झालं म्हणून लिहिलंत तर पुढच्या लॉटला उघडं पडेल.

हे सगळं मार्चमध्ये आठवून लिहायचं म्हटलं तर एप्रिल-मे हमखास गळतात. दर महिन्याच्या शेवटी वहीत चार ओळी टाका : काय बदललं, आधी किती, नंतर किती, नोंद कुठे आहे. फॉर्म इंग्रजीत भरायचा असला तरी आधी मराठीत लिहा. इंग्रजीच्या ठेवणीतल्या शब्दांत आकडे हरवतात.

सरकारी नोकरांना वार्षिक अहवालातला प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सांगितलं. खासगी कंपनीतल्या माणसाला त्या निकालाचा आधार नाही. म्हणून ‘सबमिट’ दाबण्याआधी भरलेल्या फॉर्मची एक प्रत स्वतःकडे ठेवा.