शर्यतीआधीचा खाण्याचा सोडा

८०० मीटर धावताना शेवटच्या वळणावर पाय भरून येतात, कारण स्नायूंमध्ये आम्ल साठतं. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, रक्ताची आम्ल शोषण्याची ताकद वाढवतो आणि स्नायूंतलं आम्ल लवकर बाहेर पडतं. फायदा छोटा असतो, तोही साधारण अर्धा ते बारा मिनिटांच्या जोरकस श्रमात.

नेहमीचं प्रमाण वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम, शर्यतीच्या एक ते तीन तास आधी. ६० किलोच्या धावपटूला १८ ग्रॅम, म्हणजे जवळपास चार सपाट चमचे! ते एकदम पाण्यातून घेतलं, की जठरातल्या आम्लाशी गाठ पडून वायू होतो. पोट फुगतं, मळमळतं, कधी ऐन वेळी जुलाब लागतात. म्हणून ०.२ ग्रॅमपासून सुरुवात करावी, तासाभरात थोडं थोडं, पोळी-केळ्यासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावं. पहिला प्रयोग सरावाच्या दिवशीच.

या १८ ग्रॅममध्ये सुमारे पाच ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमच्या आत आहे. त्यामुळे उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी याच्या वाटेला जाऊच नये. नियमित औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.