शंभर वर्षांची कविता: शताब्दी स्मरणिकेसाठी लिहिताना

शाळेची शताब्दी आली की स्मरणिका समिती बसते. जाहिराती, शुभेच्छासंदेश, माजी मुख्याध्यापकांची यादी हे सगळे मार्गी लागते आणि मग कोणीतरी म्हणते, "एक कविता हवी, सगळ्या पिढ्यांची." गावात जरा बरे लिहिणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे काम पडते. आठ दिवसांनी येते ती कविता बहुधा ज्ञानमंदिर, दीपस्तंभ, वटवृक्ष आणि संस्काराची शिदोरी यांनी भरलेली असते. ती पारखायला एक सोपा उपाय आहे. शाळेचे नाव खोडून शेजारच्या गावच्या शाळेचे नाव घाला. कुठेही अडखळायला झाले नाही, तर ती कविता आपल्या शाळेची नाही.

खरी अडचण शब्दांची नसते, 'आम्ही' म्हणणाऱ्याची असते. १९२५ साली बिगरीत बसलेला मुलगा आणि आज चौथीत असलेली मुलगी या दोघांच्या वतीने बोलायचे, तर बोलणार कोण? 'मी शाळा बोलते आहे' असा आत्मवृत्ताचा निबंध ही पहिली पळवाट. त्यात शाळा स्वतःचीच स्तुती करत सुटते आणि विद्यार्थी मागे राहतात.

या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे इंग्रजीत आहेत. १८७२ साली लंडनजवळच्या हॅरो शाळेतले शिक्षक एडवर्ड बोवेन यांनी 'फॉर्टी इयर्स ऑन' हे गीत लिहिले, जॉन फार्मर यांनी त्याला चाल दिली. गाणारी मुले अजून शाळेतच आहेत, पण चाळीस वर्षांनंतर आपण आजच्याकडे मागे वळून पाहू अशी कल्पना त्यांच्या तोंडी दिली आहे. त्यामुळे मुले आणि माजी विद्यार्थी एकाच वेळी तेच गीत गाऊ शकतात. दुसरे उत्तर लाँगफेलो यांचे. १८७५ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आपल्या बोडन कॉलेजच्या तुकडीला पन्नास वर्षे झाली म्हणून त्यांनी 'मोरिट्युरी सॅल्युटामस' ही दीर्घ कविता वाचली. तिच्यात ते आधी त्या जागेशी बोलतात, मग शिक्षकांशी, मग समोरच्या तरुणांशी, मग उरलेल्या वर्गमित्रांशी. शिकवणाऱ्यांपैकी एकच हयात होता, हेही ते सांगून टाकतात. म्हणजे एकाने भविष्यात उभे राहून मागे पाहिले, तर दुसऱ्याने ऐकणाऱ्यांचे गट पाडून प्रत्येकाशी वेगळे बोलणे केले.

मराठी शाळेसाठी तिसरी वाट मला जास्त सोयीची वाटते. कोणाच्याही वतीने न बोलता एखादी अशी गोष्ट धरायची, जी प्रत्येक पिढीच्या हातातून गेली आणि जाता जाता बदलली. पाढ्यांचेच घ्या. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, तोवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ असल्याशिवाय बाजारात निभाव लागत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले आणि अपूर्णांकांचे पाढे हळूहळू वर्गातून गेले. बे एके बे मात्र राहिले. शंभर वर्षांचा बदल आणि सातत्य असे एका ठिकाणी सापडले की कवितेला कणा मिळतो.

आता छंद. व्यासपीठावरून वाचली जाणारी आणि सगळ्यांना ठेक्यात धरता येणारी रचना हवी, म्हणून मोठा अभंग सोयीचा. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे. ऱ्हस्व-दीर्घ मोजायचे नाही, जोडाक्षर एकच धरायचे. 'आण्याच्या त्या गाठी' ही आ, ण्या, च्या, त्या, गा, ठी अशी सहा अक्षरे होतात. असे मोजत बांधलेली ही तीन कडवी:

पावकी निमकी
आजोबांच्या ओठी
आण्याच्या त्या गाठी
सोडवीत

वडील शिकले
नव्या पैशांवर
शंभरांत घर
रुपयाचे

नातीच्या समोर
काचेचीच पाटी
तरी बसे ओठी
बे एके बे

यात गौरवाचा एकही शब्द नाही, तरी तीन पिढ्या ओळखू येतात. काचेची पाटी म्हणजे टॅब, हे सांगावे लागत नाही. 'ओठी' हा शब्द पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात मुद्दाम दोनदा ठेवला आहे. आजोबा आणि नात एकमेकांशी जोडले जातात ते त्या शब्दाने.

एवढ्यावर थांबले तर कविता गोड होते, पण अर्धीच राहते, कारण शिकून पुढे गेलेल्यांचीच ती होते. इथे शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. जुनी पाने मोडीत असली तर वाचणारा शोधावा लागतो. नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख हे रकाने ओलांडून 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यावरून बोट फिरवत खाली यावे. कुठे परीक्षा पास, कुठे सतत गैरहजर, कुठे गाव सोडले. शाळेच्या शंभर वर्षांत गावाचे काय झाले हे त्या रकान्यात कळते. सुरुवातीच्या पानांवर मुलींची नावे किती विरळ आहेत, तेही दिसते. साखरपट्ट्यात मजूर पाठवणाऱ्या गावाचे रजिस्टर असेल, तर चौथे कडवे असे येऊ शकते:

एकाच्या नावाशी
एवढे लिहिले
तोडणीला गेले
आईबाप

समितीत यावर कुरकुर होईल, "सोहळ्यात हे कशाला?" म्हणून. पण अर्धवट सुटलेली मुलेही शाळेचीच विद्यार्थी होती आणि त्यातले काही जण त्या दिवशी मांडवात बसलेले असतील. हे कडवे शेवटी न घेता दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे ठेवले, तर कविता रडकी होत नाही आणि खोटीही होत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. रजिस्टरात जात, वर्तणूक असे रकानेही असतात. त्यातले खरे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कवितेत आणू नये. 'एकाच्या' एवढे पुरे.

लांबीचेही गणित आहे. स्मरणिकेचे एक पान म्हणजे सोळा ते चोवीस ओळी. या छंदात चार ते सहा कडवी बसतात. त्याहून वाढली की अक्षर बारीक होते किंवा खाली जाहिरात येते. छापखान्यात युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये जाताना जोडाक्षरे तुटतात, रफार हरवतो. गद्यात वाचक ते सावरून घेतो, सहा अक्षरांच्या चरणात एक अक्षर मोडले की ठेका मोडतो. म्हणून कवितेचे प्रूफ डोळ्यांनी न वाचता मोठ्याने वाचावे.

छापायला देण्यापूर्वी ती दोघांना ऐकवावी: गावातल्या सर्वांत जुन्या माजी विद्यार्थ्याला आणि चौथीतल्या एखाद्या मुलाला. मुलगा "पावकी म्हणजे काय?" असे विचारेल आणि म्हातारा त्याला म्हणून दाखवेल. त्या शब्दाला तळटीप देऊ नका.