रांगोळीची फाइल विकताना

दिवाळी जवळ आली की पुस्तकांच्या दुकानाबाहेर रांगोळीच्या पातळ पुस्तिका दोरीवर लटकू लागतात. गिऱ्हाईक चार पाने उलटून पाहते, आवडली तर घेते, नाहीतर परत अडकवते. नुसती पाने चाळून रांगोळी कुणाच्या घरी जात नाही. तीच पुस्तिका फाइल म्हणून विकायला काढली की मात्र अडचण सुरू होते, कारण पडद्यावर पाहणाऱ्याला स्क्रीनशॉट घ्यायला क्षणही लागत नाही.

रांगोळी आणि मेंदी यांना ही अडचण इतर चित्रांपेक्षा जास्त भोवते. निसर्गचित्राची लहान प्रत मोठी केली की ती फुटते, धूसर होते. रांगोळीचे चित्र म्हणजे पांढऱ्यावर काळी रेघ. इंकस्केप या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये Trace Bitmap नावाची सोय आहे. हजार पिक्सेल रुंदीचे साधे चित्र त्यात टाकले, तरी कडा ओळखून त्याची रेघ तयार होते आणि ती रेघ दाराएवढी मोठी केली तरी फाटत नाही. म्हणजे रेघ समोरून, पूर्ण आणि स्वच्छ दाखवली, तर नमुना आणि माल यांत फरकच उरत नाही. वर नाव आडवे छापून फारसे संरक्षण मिळत नाही. फिकट अक्षरे पुसता येतात, आणि गडद केली तर गिऱ्हाइकाला चित्रच दिसत नाही.

उपाय रांगोळीतच आहे. समजा, एका रांगोळीकार बाईंनी ठिपक्यांच्या ३० रांगोळ्यांचा संच केला आहे. त्यातली एक पंधरा ते आठ ठिपक्यांची: मधल्या ओळीत १५, वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ८ पर्यंत, एकूण १६९ ठिपके. ही रांगोळी त्यांनी अंगणात काढली, रंग भरले आणि बाजूला उभे राहून तिरका फोटो घेतला. रंगाखाली ठिपके झाकले जातात आणि तिरक्या कोनामुळे मापे बदलतात. रांगोळी कशी दिसते ते गिऱ्हाइकाला नीट कळते, पण कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडला ते कळत नाही. मेंदीचेही तसेच. रंग चढलेल्या हाताचा फोटो दाखवावा. तळहाताची खोलगट वळणे आणि बोटांचे वाक यांमुळे त्यावरून सपाट रेघ उचलणे कठीण जाते.

नमुन्याची चित्रे त्यामुळे अशी बसतात: दोन-तीन रंगवलेल्या रांगोळ्यांचे फोटो, संपूर्ण संचाची एक पाटी (त्यात प्रत्येक चित्र नखाएवढे), आणि एकच रांगोळी पूर्ण उघडी, मोफत. ही शेवटची सर्वांत कामाची. रेघ किती स्वच्छ आहे, ठिपके मोजता येतात का, हे गिऱ्हाईक तिच्यावरून तपासते. उरलेल्या २९ झाकलेल्या राहतात. ठिपक्यांची संख्या मात्र प्रत्येक चित्राखाली लिहावीच. दारापुढे जागा केवढी आहे ते पाहूनच लोक रांगोळी निवडतात.

पैसे मोजून मिळणारी वस्तूही स्क्रीनशॉटपेक्षा सरस हवी. या संचात प्रत्येक रांगोळीला चार पायऱ्या दिल्या: नुसते ठिपके, पहिल्या रेघा, पूर्ण आकृती, रंग. पाने ए-४ आकाराची, इंचाला ३०० ठिपके या दर्जाची, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. मुख्य फाइल पीडीएफ, कारण बहुतेकजण ती मोबाइलवर उघडतात आणि झिप फाइल मोबाइलवर अनेकांना उलगडत नाही. पैसे परत मागण्याचे एक मोठे कारण हेच असते. मेंदीच्या संचात डावा आणि उजवा हात वेगळे द्यावे लागतात, नाहीतर दोन्ही हातांवरचे मोर एकाच दिशेला तोंड करून बसतात. कुणी साचा कापण्यासाठी फाइल मागितली, तर नेहमीची रेघ चालत नाही. बंद वर्तुळ कापले की मधला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या आधीच काढाव्या लागतात. त्या नसतील तर ‘साच्यासाठी योग्य’ असे लिहू नये.

आता किंमत. एट्सी या परदेशी बाजारात एक वस्तू मांडायला ०.२० डॉलर पडतात, विक्री झाली की वस्तू पुन्हा मांडण्याचे तेवढेच परत लागतात, आणि विक्रीच्या रकमेवर ६.५ टक्के कापले जातात. एकेक रांगोळी दीड डॉलरला विकली, तर साधारण ०.३० डॉलर, म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच जातो. तीसचा संच सहा डॉलरला विकला, तर ०.५९ डॉलर जातात, म्हणजे दहावा हिस्सा. पैसे वळते करण्याचा खर्च याशिवाय. त्यामुळे सुटी रांगोळी विकणे परवडत नाही, संचच विकावा. घरगुती वापराची किंमत छापील पुस्तिकेच्या फार पुढे नेऊ नये. खरी कमाई दुसऱ्या दरात आहे, आणि तो दर परवान्यावर ठरतो.

मेंदी काढणारी बाई संच विकत घेते आणि नवरीच्या हातावर त्यातले डिझाइन पैसे घेऊन काढते. हा वापर घरगुती की व्यावसायिक? परवान्यात उत्तर नसेल, तर दोघींनाही आपलेच खरे वाटते. म्हणून तीन पायऱ्या स्पष्ट कराव्यात. पहिली, स्वतःच्या घरासाठी. दुसरी, हाताने रांगोळी किंवा मेंदी काढून देण्याच्या व्यवसायासाठी, जास्त किमतीला. तिसरी, छापील वस्तू किंवा साचे बनवण्यासाठी, नगांची मर्यादा घालून. फाइल पुढे देणे किंवा विकणे तिन्हींत बंद. गोपद्म, कमळ, कोयरी या परंपरेच्या खुणांवर कुणाचीच मालकी नसते. आपली मालकी आपण रचलेल्या आकृतीपुरती, आणि तेवढीच परवान्यात सांगावी.

इथे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. परवाना लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईत किंवा न्यू जर्सीत मेंदी काढणाऱ्या मराठी बाईला असा मोघम परवाना काय उपयोगाचा? तिसऱ्या पायरीला आणखी एक खाच आहे. आकृती डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी असेल पण नोंदवलेली नसेल, आणि मालकाच्या परवानगीने ती यंत्रावर पन्नासहून अधिक वस्तूंवर उतरली, तर कलम १५ प्रमाणे तिच्यावरचा कॉपीराइट संपू शकतो. टाइल्स किंवा कापडवाल्याला हो म्हणण्याआधी वकिलाला विचारलेले बरे.

पहिल्या दोन पायऱ्यांना मात्र वकील लागत नाही, चार साधी वाक्ये पुरतात. दुसऱ्या पायरीसाठी ती अशी लिहिता येतील: “या संचातील आकृती खरेदीदाराने स्वतः हाताने काढून त्याचे पैसे घ्यावेत, हरकत नाही. हा परवाना जगात कुठेही आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आहे. फाइल किंवा तिची प्रत दुसऱ्याला देता किंवा विकता येणार नाही. छपाई आणि साच्यांसाठी वेगळा परवाना घ्यावा.” हा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवू नका, ती कुणी उघडत नाही. विक्रीच्या पानावर किमतीखाली आणि पीडीएफच्या पहिल्या पानावर, दोन्हीकडे छापा.