राजीनाम्यातली तारीख

समजा, दुबईतल्या एका कंपनीतल्या मराठी अभियंत्याने लिहिले: ‘घरच्या अडचणीमुळे पुढच्या महिन्यापासून मी कामावर येऊ शकणार नाही.’ आपल्याकडे साहेब हे समजून घेतील. पण हेच वाक्य औपचारिक अरबीत जसेच्या तसे गेले, तर तो राजीनामा न ठरता गैरहजेरीची आगाऊ कबुली वाटू शकते. अमिरातीच्या कायद्यात विनाकारण सलग 7 दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोटिशीशिवाय कामावरून काढता येते.

म्हणून चांगला अनुवादक आधी करारातली नोटिशीची मुदत विचारतो. कायद्यात ती 30 ते 90 दिवस आहे. मग मूळ मराठी मजकूरच बदलून घेतो: ‘मी राजीनामा देत आहे. करारानुसार 30 दिवसांची नोटीस 1 मार्चपासून. शेवटचा कामाचा दिवस 30 मार्च.’ अरबीत सुरुवातीला ‘तहिय्या तय्यिबा’ हे अभिवादन आणि शेवटी आदर व्यक्त करणारे वाक्य येते. घरची अडचण एका ओळीत पुरते. तक्रारी तर नकोतच.

पत्र पोहोचल्याची सही आणि तारीख असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. नोटीस कधी दिली यावर वाद झाला, तर तीच कामी येते.